पूर्ण चार्ज गाडीला सकाळी रिजन का लागत नाही

प्रश्न: नवीन इलेक्ट्रिक कार घेऊन तीन महिने झाले. रात्री १०० टक्के चार्ज करून सकाळी निघालो की अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर गाडी ओढून धरतच नाही, नुसती घरंगळत राहते. तासाभराने मात्र व्यवस्थित ओढ लागते. मोटरमध्ये दोष आहे का? आणि ब्रेकिंगमधली ७० टक्के ऊर्जा परत मिळते म्हणतात, मग रेंज तेवढी का वाढत नाही?

उत्तर:

मोटर ठणठणीत असावी. ती सकाळीही तेवढीच वीज बनवू शकते, जेवढी तासाभराने बनवते. अडचण आहे ती वीज घेणाऱ्याची, म्हणजे बॅटरीची. पोट भरलेलं असताना ती आणखी घास घेत नाही, आणि घेणारा नसेल तर मोटरने ब्रेक लावायचा तरी कशाच्या जोरावर? माझं काम मोटर कंट्रोलचं आणि इन्व्हर्टरचं, म्हणजे बॅटरीची वीज मोटरला हवी तशी पुरवणाऱ्या यंत्राचं, त्यामुळे ही तक्रार माझ्याकडे वरचेवर येते. दहातल्या आठ-नऊ गाड्यांत खराबी काहीच निघत नाही. उरलेली एखादी गाडी मात्र खरंच काहीतरी सांगत असते. ती कशी ओळखायची ते शेवटी लिहितो, आधी वीज कुठून येते आणि कुठे अडते ते पाहू.

मोटर आणि जनरेटर ही दोन यंत्रं नाहीत, यंत्र एकच. गाडी चालवताना इन्व्हर्टर स्टेटरमध्ये, म्हणजे मोटरच्या स्थिर भागावरच्या वायंडिंगमध्ये, फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार करतो आणि ते रोटरच्या, म्हणजे फिरणाऱ्या भागाच्या, थोडं पुढे ठेवतो. रोटर त्याच्या मागे खेचला जातो. तुम्ही पाय उचलला की कंट्रोलर टॉर्कच्या आकड्यापुढे उणे चिन्ह लावतो, म्हणजे तेच क्षेत्र रोटरच्या मागे आणून ठेवतो. रोटर फिरतो पूर्वीच्याच दिशेने, पण आता त्याला मागे ओढलं जातंय. गाडीचा वेग त्या ओढीविरुद्ध काम करतो आणि ते काम विजेच्या रूपाने वायंडिंगमधून बाहेर येतं. हेच रिजनरेटिव्ह ब्रेकिंग, थोडक्यात रिजन.

इथे बरेच जण अडखळतात. ताशी ४० च्या वेगाला एखाद्या मोटरमध्ये तयार होणारा व्होल्टेज साधारण १३०-१४० असेल, आणि बॅटरी असते ३८० व्होल्टची. कमी व्होल्टेजकडून जास्त व्होल्टेजकडे करंट जाणार कसा? ते काम इन्व्हर्टरचे स्विच आणि मोटरची स्वतःची वायंडिंग मिळून करतात. खालचे स्विच क्षणभर चालू केले की वायंडिंग शॉर्ट झाल्यासारखी होते आणि तिच्यात करंट वाढू लागतो. लगेच स्विच उघडला की करंटला एकदम थांबता येत नाही, कारण वायंडिंगचा इंडक्टन्स त्याला थांबू देत नाही. पाण्याच्या लांब पाइपवरचा नळ झटकन बंद केला की आत दणका बसतो, तसाच हा विजेचा दणका. व्होल्टेज चढत चढत बॅटरीच्या वर जातो आणि करंट वरच्या डायोडमधून बॅटरीत शिरतो. हे सेकंदाला आठ-दहा हजार वेळा होतं, म्हणून तुम्हाला झटके न लागता सलग ओढ जाणवते. वेगळं चार्जर सर्किट यासाठी लागत नाही. मोटरला चालवणारा इन्व्हर्टरच उलट्या दिशेने हे काम करतो.

आता ७० टक्क्यांचा हिशोब. समजा माणसांसकट गाडीचं वजन १६०० किलो आहे आणि ती ताशी ७२ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला २० मीटरने धावतेय. ½mv² मांडलं की गतिज ऊर्जा येते ३२० किलोज्यूल. विजेच्या भाषेत ८९ वॉट-तास. तुम्ही दहा सेकंदांत, शंभर मीटरमध्ये, शांतपणे गाडी थांबवलीत असं धरू.

त्या शंभर मीटरमध्ये टायर आणि हवा मिळून २३ किलोज्यूल खाऊन टाकतात. ती ऊर्जा चाकातून मोटरपर्यंत येतच नाही. उरलेल्या २९७ मधून गिअरबॉक्सने तीन टक्के घेतले. मोटर आणि इन्व्हर्टर मिळून, पूर्ण वेगापासून थांबेपर्यंतची सरासरी धरली तर, बारा टक्के गेले. बॅटरीच्या अंतर्गत रोधात आणखी तीन टक्के उष्णता झाली. शिल्लक राहिले सुमारे २४६ किलोज्यूल, म्हणजे ६८ वॉट-तास. ३२० चे २४६ म्हणजे ७७ टक्के. ७० टक्क्यांचा आकडा असा येतो आणि तो खोटा नाही.

पण ही ऊर्जा अजून बॅटरीत आहे, चाकावर नाही. पुन्हा वेग घ्यायचा तर बॅटरी, इन्व्हर्टर, मोटर, गिअर हाच रस्ता उलटा चालावा लागतो आणि प्रत्येक नाक्यावर तेवढाच टोल पुन्हा भरावा लागतो. चाकाशी पोहोचतात जेमतेम २०४ किलोज्यूल, म्हणजे मुळातल्या ऊर्जेच्या ६४ टक्के. म्हणूनच पुढे सिग्नल लाल दिसत असेल आणि मागून कोणी घाई करत नसेल, तर लांबूनच पाय हलका करून गाडीला हळूहळू घरंगळू देणं हे रिजनपेक्षाही काटकसरीचं. वाचवलेल्या ऊर्जेला टोल लागत नाही.

रेंजचं कोडंही यातच सुटतं. ते ६४ किंवा ७७ टक्के आहेत ब्रेकमध्ये जाणाऱ्या ऊर्जेचे, एकूण खर्चाचे नाहीत. तुमची गाडी किलोमीटरला १५० वॉट-तास खात असेल, तर वरच्या एका थांब्यातून मिळालेले ६८ वॉट-तास तुम्हाला सुमारे साडेचारशे मीटर पुढे नेतात. शहरात किलोमीटरला दोनदा थांबत असाल तर हा आधार मोठा. महामार्गावर तासभर एकाच वेगाने गेलात तर सगळी ऊर्जा हवा आणि टायर खातात, ब्रेकच्या वाट्याला काही जातच नाही, मग परत मिळणार काय?

आता सकाळच्या तक्रारीकडे. लिथियम-आयन सेलला एक वरचा व्होल्टेज असतो जो ओलांडायचा नसतो. निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारात तो सहसा ४.२ व्होल्ट. पॅकमध्ये असे ९६ सेल एकामागे एक जोडलेत असं धरा, म्हणजे पॅकची कमाल मर्यादा झाली ४०३ व्होल्ट. पॅकचा अंतर्गत रोध धरू ०.१ ओहम. बॅटरीत करंट ढकलला की टर्मिनलचा व्होल्टेज करंट गुणिले रोध इतका वर चढतो. १०० अँपिअर ढकलले की १० व्होल्ट चढले.

बॅटरी ९० टक्क्यांना असताना तिचा स्थिर व्होल्टेज साधारण ३९० असतो. मर्यादेपर्यंत १३ व्होल्टची जागा आहे, म्हणजे १३० अँपिअर चालतील. हे झाले ५० किलोवॉट. भरपूर. आता बॅटरी अगदी काठोकाठ भरलीय, स्थिर व्होल्टेज ४०१ आहे. जागा उरली दोन व्होल्टची, म्हणजे २० अँपिअर, ८ किलोवॉट. तुमच्या शांत थांबण्याच्या सुरुवातीला, टायर-हवेचा वाटा वजा केला तरी, लागतात ६० किलोवॉटच्या आसपास. बॅटरीची देखरेख करणारी यंत्रणा, म्हणजे बीएमएस, हा आकडा सतत मोजून इन्व्हर्टरला कळवत असते: "आत्ता एवढेच दे." इन्व्हर्टर टॉर्क तेवढ्यावर आणतो आणि तुम्हाला वाटतं गाडी मोकळी सुटली.

तासाभराने ओढ परत येते याला दुसरंही कारण असू शकतं, ते म्हणजे तापमान. थंड सेलचा रोध खोलीतल्या तापमानापेक्षा कित्येक पट होतो. तो तिप्पट झाला तर ९० टक्के चार्जलाही ५० ऐवजी सतराच किलोवॉट चालतील. त्याहून वाईट म्हणजे, थंडीत लिथियमला ग्रॅफाइटच्या थरांत शिरायला वेळ लागतो. त्याहून घाईने चार्ज केलं तर ते पृष्ठभागावरच धातूच्या रूपात साचतं. साचलेलं सगळं परत कामाला येत नाही, क्षमता कायमची घटते, आणि ते सुईसारखं वाढलं तर सेलच्या आत शॉर्ट होण्याचा धोका. म्हणून गोठणबिंदूच्या आसपास बीएमएस रिजन अगदी चिमूटभरच देतो किंवा पूर्ण बंद ठेवतो. अर्धी बॅटरी रिकामी असली तरी.

गाडीनुसार फरक पडतो, हे मान्य करायला हवं. काही पॅकमध्ये डॅशबोर्डवर १०० दिसत असताना आत थोडी जागा मुद्दाम राखलेली असते, त्यांत रिजन पूर्ण चार्जलाही बऱ्यापैकी लागतं. लिथियम आयर्न फॉस्फेट सेलचा व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत सपाट राहतो आणि मग एकदम चढतो. त्यामुळे त्या गाड्यांत ओढ हळूहळू न घटता अचानक गेल्यासारखी वाटते. शिवाय बीएमएस दहा सेकंदांच्या झटक्याला जेवढं चालवून घेतो तेवढं सलग पाच मिनिटांना चालवत नाही. तुमची गाडी यातली कुठली, ते तुम्ही लिहिलेलं नाही.

कमी वेगात रिजन चालत नाही हा मुद्दा लोकांना फार महत्त्वाचा वाटतो, प्रत्यक्षात ऊर्जेच्या दृष्टीने तो किरकोळ. वेग कमी होत जातो तसा मोटरचा व्होल्टेज घटतो, पण ब्रेकिंगचा टॉर्क तोच हवा असेल तर करंट तेवढाच लागतो आणि त्या करंटाने तांब्यात होणारी उष्णताही तेवढीच. समजा १०० न्यूटन-मीटरला २०० अँपिअर लागतात आणि तीन फेजच्या तांब्यात मिळून १.२ किलोवॉट जळतात. मोटर सेकंदाला १२ रेडियनने फिरत असेल तर चाकाकडून येणारी शक्तीही १.२ किलोवॉटच. आलं तेवढं जळलं. नऊपट गिअर धरला तर हे घडतं ताशी दीड किलोमीटरच्या आसपास, इन्व्हर्टरचे तोटे धरून आणखी थोडं वर. त्याखाली तुम्ही मोटरने गाडी थांबवू शकता, पण त्यासाठी बॅटरीतूनच वीज खर्च होते. एका पॅडलवर पूर्ण थांबणाऱ्या गाड्या शेवटच्या हातभर अंतरात हेच करतात. बाकीच्या गाड्या ताशी दहाच्या खाली काम हळूच घर्षण ब्रेककडे सोपवतात. त्यात गमावतं किती? ऊर्जा वेगाच्या वर्गावर जाते, म्हणून ७२ वरून थांबताना शेवटच्या दहा किलोमीटर वेगात दोनच टक्के ऊर्जा उरलेली असते.

खरं नुकसान जोरात ब्रेक मारण्यात आहे. तीच गाडी, तोच वेग, पण आता कोणीतरी आडवं आलं आणि तुम्ही तिप्पट जोराने, सव्वातीन सेकंदांत थांबलात. सुरुवातीलाच १९० किलोवॉटची गरज. बॅटरी घेणार ५०, आणि गाडी सैल रस्त्यावर घसरू नये म्हणून मोटरची ओढही एका मर्यादेत ठेवलेली असते, समजा ३२०० न्यूटन. या दोन्ही अटी लावून हिशोब केला तर ३२० किलोज्यूलपैकी शंभरेक मोटरकडे येतात. बाकी दोन तृतीयांश डिस्क आणि पॅड तापवतात. एबीएस जागा झाला तर बहुतेक गाड्या रिजन ताबडतोब सोडून देतात, कारण चाकाची पकड सांभाळणं आधी. म्हणजे किती परत मिळतं हे मोटरपेक्षा तुमच्या उजव्या पायावर जास्त ठरतं.

उताराची गोष्ट मात्र उलटी आहे. ५०० मीटर उंचीचा, सात टक्के उताराचा रस्ता ताशी ५० ने उतरलात तर सात किलोमीटरभर सलग लागतात फक्त १२ किलोवॉट. मोटरला हे काहीच नाही. पण खाली पोहोचेपर्यंत बॅटरीत सुमारे १.४ किलोवॉट-तास जमा होतात. ४० किलोवॉट-तासांच्या पॅकला हे साडेतीन टक्के. वरच पूर्ण चार्ज करून निघालात तर हे साडेतीन टक्के ठेवायचे कुठे? मग सगळा भार पॅडवर. लांब उतारावर पॅड तापून त्यांची पकड कमी होते हे वेगळं सांगायला नको. वरच्या गावी मुक्काम असेल तर ९० टक्क्यांवर चार्जिंग थांबवा, इतकंच. रेल्वे इंजिनांत अशी नको असलेली वीज छतावरच्या रोधकांत जाळतात. कारमध्ये तेवढे मोठे रोधक ठेवायला जागा नसते, म्हणून काही कंपन्या हीटर चालू करून किंवा मोटर मुद्दाम अकार्यक्षम पद्धतीने चालवून थोडीफार वीज खपवतात. थोडीफारच.

आता दोष ओळखायचा कसा ते. बॅटरी ५० ते ६० टक्क्यांवर असू द्या, गाडी अर्धा तास चालवलेली असू द्या, हवामान बेताचं असू द्या. मोकळ्या सपाट रस्त्यावर ताशी ५० ला पाय पूर्ण उचला आणि डॅशवरचा पॉवरचा काटा किती उणे जातो ते सोबतच्या माणसाला बघायला सांगा. मग पूर्ण चार्जला हेच करा. पहिल्या वेळी भरपूर आणि दुसऱ्या वेळी थोडं, तर गाडी तिचं काम चोख करतेय. पहिल्या वेळीही थोडंच आलं, तर आधी रिजनची पातळी कोणी कमी करून ठेवली नाही ना ते सेटिंगमध्ये पाहा. तीही बरोबर असेल, तर वर्कशॉपला जा आणि एकेका सेलचे व्होल्टेज गाडी चालवत असताना वाचायला सांगा. उभ्या गाडीत नव्हे.

हा आग्रह कशासाठी, तर मागे अशी एक गाडी आली होती. ७५ टक्क्यांवरच रिजन आखडायचं. उभ्या गाडीत सगळे सेल दहा मिलिव्होल्टच्या आत, म्हणून आधीच्या वर्कशॉपने "बॅटरी उत्तम" असं लिहून परत पाठवलेली. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन शेजारी बसलो आणि मालकाला रस्त्यावर गाडी काढायला सांगितली. १०० अँपिअर रिजनला एक सेल बाकीच्यांपेक्षा १२० मिलिव्होल्ट वर, आणि वेग घेताना १०० अँपिअरला तोच सेल तेवढाच खाली. करंट शून्य झाला की फरक त्याच क्षणी गायब. सेल स्वतः थकलेला असता तर व्होल्टेज सावकाश, काही सेकंद-मिनिटं घेत जागेवर आला असता. इतकं तत्काळ म्हणजे साधा रोध, सव्वा मिलिओहमच्या आसपासचा. सेलला जोडणाऱ्या पट्टीचा बोल्ट पूर्ण आवळलेला नव्हता.

बाकीच्या ९५ सेलना काही अडचण नव्हती. पण बीएमएस सरासरी बघत नाही, सर्वांत वरचा सेल बघतो. ३.९५ व्होल्टवर असलेल्या त्या सेलमध्ये त्याचा स्वतःचा चढ ०.१ आणि सैल बोल्टचा ०.१२ मिळवला की झाले ४.१७. मर्यादेला तीन शतांश व्होल्ट उरले, म्हणून तो बिचारा सगळ्या गाडीचं रिजन रोखून धरायचा. बीएमएसला सैल बोल्ट दिसत नाही, फक्त चढलेला व्होल्टेज दिसतो. आणि ते रोखणं योग्यच होतं. त्या बोल्टपाशी १०० अँपिअरला १२ वॉट उष्णता होत होती, वेग घेताना करंट तिप्पट गेला की नऊपट. पट्टी साफ करून बोल्ट ठरलेल्या टॉर्कला आवळला, रिजन ९० टक्क्यांपर्यंत परत आलं. हे काम घरी करू नका. पॅकमध्ये ४०० व्होल्ट डीसी असतो आणि मुख्य स्विच काढला तरी सेलच्या रांगेत तो जिवंतच राहतो.

तुमच्या वर्णनावरून यातलं काही दिसत नाही, कारण तासाभराने ओढ आपोआप येते. एक करून बघा: आठवडाभर चार्जिंगची मर्यादा ८५ किंवा ९० वर ठेवा. ओढ सकाळी निघाल्यापासूनच लागली तर कारण भरलेली बॅटरी होतं. तरीही पहिली पंधरा-वीस मिनिटं गाडी घरंगळत राहिली तर थंडी. मग ताशी ५० ला पाय उचलल्यावरचे दोन्ही वेळचे किलोवॉट, चार्जची टक्केवारी आणि बाहेरचं तापमान इथेच लिहा, पुढचं त्या आकड्यांवरून सांगतो. आणि तोवर पहिल्या काही किलोमीटरमध्ये पाय ब्रेक पॅडलजवळ ठेवा. तुमच्या डिस्कवरचा रात्रभराचा गंजही त्या निमित्ताने घासला जाईल.